स्टेप्ड बारची एकूण लांबीवाढ: लोड टप्प्याच्या पोटात लागतो तेव्हा

एकाच अक्षावर, पण वेगवेगळ्या जाडीच्या टप्प्यांत बनलेली दांडी म्हणजे स्टेप्ड बार. लोड फक्त मोकळ्या टोकाला असेल, तर त्याची लांबी किती वाढेल हे काढणं सोपं असतं. सगळ्या टप्प्यांत बल सारखंच असतं, बदलते ती फक्त जाडी आणि लांबी. खरी गडबड सुरू होते ती एखादा लोड मधेच, त्यातही टप्प्याच्या सांध्यावर नसून टप्प्याच्या पोटात लागला की. आकृतीत तीन टप्पे दिसतात, म्हणून आपण तीन ओळींचं गणित मांडतो आणि उत्तर चुकतं. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर, तरी उत्तर चूक, असं इथे होतं. म्हणून हा लेख फक्त याच प्रकाराबद्दल आहे. एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ.

आपला बार

माइल्ड स्टीलचा गोल बार आहे, आडवा ठेवलेला. डावं टोक क भिंतीत पक्कं बसवलं आहे आणि उजवं टोक च मोकळं आहे. क ते ख हा भाग ५०० मिमी लांब, व्यास ४० मिमी. ख ते घ हा ६०० मिमी लांब, व्यास ३० मिमी. घ ते च हा ४०० मिमी लांब, व्यास २० मिमी.

मोकळ्या टोकाला, च वर, ३० किलोन्यूटनचा लोड उजवीकडे ओढतो आहे. दुसरा लोड ८० किलोन्यूटनचा, डावीकडे म्हणजे भिंतीच्या दिशेने. तो ग या बिंदूवर लागतो. ग हा मधल्या टप्प्यात, ख पासून २४० मिमी अंतरावर आहे. बारवर तिथे एक कॉलर आहे आणि कॉलरवर लोड येतो असं समजा. स्टीलचा यंग मॉड्युलस २०० गिगापास्कल धरू.

```
भिंत                      ८० ←              
 |=======================|-------|-----------|........|→ ३०
 क          ५००          ख  २४०  ग    ३६०    घ  ४००   च
          व्यास ४०          व्यास ३०         व्यास २०
```

प्रश्न एवढाच: क ते च ही एकूण लांबी किती बदलली? आधी अंदाज करून पाहा. लांबी वाढेल की कमी होईल? ८० मोठा आहे आणि तो भिंतीकडे ढकलतो आहे, म्हणून अनेकजण "कमी होईल" म्हणतात. उत्तर पुढे येईलच.

बार कुठे कापायचा

लांबीवाढीचं मूळ सूत्र सगळ्यांना माहीत असतं:

```
δ = N·L / (A·E)
```

यातला N म्हणजे त्या तुकड्याच्या आतलं अक्षीय बल. L त्या तुकड्याची लांबी, A छेदाचं क्षेत्रफळ, E मॉड्युलस. हे सूत्र ज्या तुकड्यासाठी वापरायचं, त्या संपूर्ण तुकड्यात N, A आणि E हे तिन्ही एकसारखे असायला हवेत. ही अट पाळली की बाकी सगळं आपोआप जमतं. ती मोडली की कितीही काळजीने केलेली आकडेमोड वाचवू शकत नाही.

म्हणून बार मनातल्या मनात तीन कारणांसाठी कापायचा. जिथे छेद बदलतो तिथे, जिथे धातू बदलतो तिथे, आणि जिथे बाहेरून लोड लागतो तिथे. पहिली दोन कारणं डोळ्यांना दिसतात. तिसरं दिसत नाही, कारण ग च्या डावीकडे आणि उजवीकडे बार अगदी सारखाच आहे, तोच ३० मिमी व्यास. पण आतलं बल तिथे बदलतं.

आपल्या बारमध्ये धातू एकच आहे. छेद ख आणि घ वर बदलतो, लोड ग वर लागतो. म्हणजे टप्पे तीन असले तरी तुकडे चार: कख, खग, गघ आणि घच. गणितात चारच ओळी येतील. कागदावर पुढे काही लिहिण्याआधी तुकड्यांची संख्या लिहून ठेवावी, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या चुका तिथेच थांबतात.

प्रत्येक तुकड्यातलं बल

आता N काढायचा. सुरुवात मोकळ्या टोकापासून करावी. भिंतीची प्रतिक्रिया आधी काढून डावीकडून आलात तरी उत्तर तेच येतं, पण मोकळ्या टोकाकडून आलात तर प्रतिक्रिया लागतच नाही.

रीत अशी. ज्या तुकड्यातलं बल हवं आहे तिथे बार कापला असं समजा आणि उजवीकडचा, म्हणजे मोकळ्या टोकाचा भाग हातात ठेवा. त्या भागावर जेवढे लोड आहेत तेवढेच मोजा. जो लोड कापापासून दूर ओढतो तो ताण देतो, त्याला अधिक चिन्ह. जो लोड कापाकडे ढकलतो तो दाब देतो, त्याला उणे. त्यांची बेरीज म्हणजे त्या तुकड्यातलं N.

घच मध्ये कुठेही कापा. उजवीकडे फक्त ३० आहे, तोही दूर ओढणारा. म्हणून N = +३० किलोन्यूटन.

गघ मध्ये कापा. उजवीकडे अजूनही फक्त ३० च आहे, कारण ग हा कापाच्या डावीकडे राहिला. N = +३०. घ वर व्यास बदलला, पण तिथे बाहेरून काही लागलेलं नाही, म्हणून बल बदललं नाही. इथे अनेकांचा गोंधळ होतो. सांध्यावर स्ट्रेस बदलतो, बल बदलत नाही.

खग मध्ये कापा. आता उजवीकडच्या भागात ग आला. ३० दूर ओढतो, ८० कापाकडे ढकलतो. N = ३० − ८० = −५०. म्हणजे दाब. लक्षात घ्या, इथलं बल ८० नाही. ग वर लावलेला लोड आणि ग च्या शेजारच्या तुकड्यातलं बल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ८० ही ग वरची उडी आहे. उजवीकडे +३० होतं, डावीकडे −५० झालं, आणि दोघांमधला फरक ८०.

कख मध्येही −५० च, कारण ख वर बाहेरचा लोड नाही.

एक पडताळा लगेच करता येतो. संपूर्ण बारवर लावलेल्या लोडची बेरीज डावीकडे ५० किलोन्यूटन आहे. म्हणजे भिंत बारला उजवीकडे ५० ने रेटते आहे, आणि भिंतीलगतच्या तुकड्यात ५० चा दाब आहे. जुळलं. हे जुळलं नाही तर पुढे जाऊ नका.

एककं आणि क्षेत्रफळं

एककांसाठी मला एकच पद्धत पसंत आहे: बल किलोन्यूटनमध्ये, लांबी मिमीमध्ये, क्षेत्रफळ चौरस मिमीमध्ये आणि E गिगापास्कलमध्ये. एक गिगापास्कल म्हणजे नेमका एक किलोन्यूटन प्रति चौरस मिमी. त्यामुळे E च्या जागी सरळ २०० लिहायचं आणि उत्तर आपसूक मिमीमध्ये येतं. दहाचे घात मोजत बसावं लागत नाही, आणि शून्यं हरवत नाहीत.

क्षेत्रफळं: ४० मिमी व्यासासाठी १२५६.६४ चौरस मिमी, ३० साठी ७०६.८६ आणि २० साठी ३१४.१६. इथे व्यासाच्या जागी त्रिज्या किंवा त्रिज्येच्या जागी व्यास पडला तर क्षेत्रफळ चौपट किंवा पाव होतं. तपासायची सोपी खूण म्हणजे गुणोत्तर. ४० चा व्यास २० च्या दुप्पट आहे, म्हणून क्षेत्रफळ चौपट यायला हवं. ३१४.१६ × ४ = १२५६.६४. बरोबर. अर्थात गुणोत्तर फक्त तिन्ही क्षेत्रफळं एकाच पद्धतीने काढली आहेत एवढंच सांगतं. तिन्हीमध्ये एकच चूक असेल तर ती पकडायला २० मिमीच्या चौकोनाशी तुलना करा: चौकोन ४०० चा, आतलं वर्तुळ त्याहून थोडं लहान, ३१४. पटतं.

चार ओळी

```
घच : +३० × ४०० ÷ ( ३१४.१६ × २००) = +०.१९१० मिमी
गघ : +३० × ३६० ÷ ( ७०६.८६ × २००) = +०.०७६४ मिमी
खग : −५० × २४० ÷ ( ७०६.८६ × २००) = −०.०८४९ मिमी
कख : −५० × ५०० ÷ (१२५६.६४ × २००) = −०.०९९५ मिमी
-------------------------------------------------
एकूण                               = +०.०८३० मिमी
```

लांबी ०.०८३ मिमीने वाढली. मोठा लोड भिंतीकडे ढकलत असूनही वाढली. कारण आकड्यांत स्पष्ट दिसतं. कख मध्ये बल सगळ्यांत जास्त आहे आणि लांबीही घच पेक्षा जास्त, तरी तो फक्त ०.०९९५ ने दबला. घच वर बल कमी, लांबी कमी, पण तो कख च्या चौथ्या हिश्शाइतकाच भक्कम आहे, म्हणून एकटाच ०.१९१ ने ताणला गेला. एकूण लांबीवाढीत बारीक टप्प्याचं म्हणणं सगळ्यांत जास्त चालतं.

स्ट्रेसही इथेच पाहून घ्यावा, कारण हे सूत्र फक्त धातू लवचिक अवस्थेत असेपर्यंतच खरं आहे. सर्वांत जास्त स्ट्रेस घच मध्ये: ३०,००० ÷ ३१४.१६, म्हणजे सुमारे ९५ मेगापास्कल. त्याखालोखाल खग मध्ये सुमारे ७१, दाबाचा. माइल्ड स्टीलची यील्ड स्ट्रेंग्थ साधारण २५० मेगापास्कल असते. आपण सुरक्षित हद्दीत आहोत.

दुसऱ्या वाटेने तेच उत्तर

बेरीज बरोबर आली याची खात्री त्याच ओळी पुन्हा मोजून होत नाही. वेगळ्या रीतीने मोजावं लागतं. इथे सुपरपोझिशन कामाला येतं: एका वेळी एकच लोड लावायचा.

फक्त ३० लावला तर तो बारच्या संपूर्ण लांबीतून भिंतीपर्यंत जातो. मग मधला ६०० मिमीचा टप्पा तोडायची गरज नाही. लांबीवाढ येते ०.१५ × (४००/३१४.१६ + ६००/७०६.८६ + ५००/१२५६.६४) = ०.३७८० मिमी. यातला ०.१५ म्हणजे ३० भागिले २००.

फक्त ८० लावला तर तो ग पासून भिंतीपर्यंतच जातो. ग च्या उजवीकडचा भाग ना ताणला जातो ना दबतो, तो नुसता सोबत सरकतो. आकुंचन येतं ०.४ × (२४०/७०६.८६ + ५००/१२५६.६४) = ०.२९५० मिमी.

वजाबाकी: ०.३७८० − ०.२९५० = ०.०८३०. पुन्हा तेच.

या रीतीचा आणखी एक फायदा आहे. च वरचा प्रत्येक किलोन्यूटन बारला ०.०१२६ मिमी ताणतो, ग वरचा प्रत्येक किलोन्यूटन ०.००३७ मिमी दाबतो, हे दोन आकडे हाती येतात. लोड बदलले तर सगळं गणित पुन्हा करावं लागत नाही. उदाहरणार्थ, ग वरचा लोड सुमारे १०२.५ किलोन्यूटन केला, तर च हे टोक जागचं हलणारच नाही.

तीन ओळींच्या गणिताने काय होतं

आता मधला टप्पा न तोडता एकच तुकडा धरला असता तर? ज्याने उजवीकडून येताना खघ साठी +३० च धरलं, त्याचं उत्तर +०.२१९ मिमी येईल. ज्याने −५० धरलं, त्याचं −०.१२१. खरं उत्तर +०.०८३. पहिल्याची वाढ अडीच पटीहून जास्त, आणि दुसऱ्याचा तर बार लांब होण्याऐवजी आखूड झाला.

या दोन चुकीच्या उत्तरांना खरा अर्थही आहे. पहिलं उत्तर म्हणजे ८० चा लोड ख वर सरकवला असता तर आलेलं उत्तर, दुसरं म्हणजे तो घ वर सरकवला असता तर. ग ची जागा एक मिमी उजवीकडे गेली की आणखी एक मिमी लांबीतलं बल +३० वरून −५० होतं, आणि एकूण लांबी ०.०००५६६ मिमीने कमी होते. ग सुमारे १४७ मिमी उजवीकडे नेला की एकूण बदल शून्य होतो. लोड किती आहे याइतकंच तो कुठे आहे याला महत्त्व आहे. म्हणून गणितात ग चं अंतर कुठून मोजलं आहे, ख पासून की क पासून, हे दोनदा वाचा. आपल्या उदाहरणात २४० हे ख पासूनचं आहे. क पासून मोजलं तर ते ७४०.

आणखी एक चूक म्हणजे तिन्ही टप्प्यांचं सरासरी क्षेत्रफळ काढून एकाच ओळीत उत्तर काढणं. लांबीवाढ क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणून सरासरी चालत नाही, आणि इथे तर N सुद्धा बदलतं.

कोणता बिंदू कुठे गेला

एकूण उत्तरावर थांबू नका. भिंतीपासून एकेक तुकडा मिळवत गेलात की प्रत्येक बिंदूचं सरकणं कळतं. ख डावीकडे ०.०९९५ मिमी. ग त्याहून जास्त, डावीकडे ०.१८४४. मग गघ ताणलेला आहे, म्हणून घ थोडा परततो: डावीकडे ०.१०८०. आणि च शेवटी उजवीकडे ०.०८३०.

म्हणजे घ डावीकडे गेला आणि च उजवीकडे. दोघांच्या मध्ये, बारीक टप्प्यात, घ पासून सुमारे २२६ मिमीवर एक असा छेद आहे जो मूळ जागी तसाच राहिला. एखाद्या पार्टला कुठे आधार द्यायचा किंवा कुठे सेन्सर बसवायचा हे ठरवताना ही माहिती एकूण लांबीवाढीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

मोजून पाहायचं असेल तर

०.०८३ मिमी हा आकडा ०.०१ मिमी लिस्ट काउंटच्या डायल गेजवर आठ विभागांएवढा दिसतो. मोजता येतो, पण एक मोठा शत्रू आहे: तापमान. स्टीलचा प्रसरण गुणांक सुमारे १२ × १०⁻⁶ प्रति अंश सेल्सिअस. दीड मीटरचा बार फक्त ५ अंशांनी तापला तर तो ०.०९ मिमीने वाढतो. आपल्या दोन्ही लोडच्या एकत्रित परिणामाहून जास्त! म्हणून बार आणि गेजचा स्टँड एकाच तापमानाला येऊ द्या, सकाळचं शून्य रीडिंग दुपारी वापरू नका, आणि लोड काढल्यावर काटा शून्यावर परततो का ते प्रत्येक वेळी पाहा. परतला नाही तर एकतर तापमान बदललं आहे, किंवा भिंतीकडची पकड सैल आहे.

बार उभा टांगला तर स्वतःच्या वजनाचा प्रश्न विचारला जातो. या बारचं वजन सुमारे सव्वानऊ किलो, म्हणजे जेमतेम ९१ न्यूटन. ३०,००० न्यूटनपुढे ते सोडून द्यायला हरकत नाही.

सांध्यांजवळ मात्र सूत्र अगदी काटेकोर नसतं. व्यास अचानक बदलतो तिथे स्ट्रेस छेदभर सारखा पसरलेला नसतो, आणि कोपऱ्यात तो सरासरीच्या बराच वर जातो. हा परिणाम साधारण एक व्यासभर अंतरात विरतो. त्यामुळे एकूण लांबीवाढीत फारसा फरक पडत नाही, पण तडा जाण्याचा विचार करताना तो सोडून चालत नाही. त्यासाठीच सांध्याला गोलाई देतात. दाबाखालचे तुकडे लांब आणि बारीक असतील तर ते बाजूला वाकतील का, म्हणजे बकलिंग, हेही वेगळं तपासावं लागतं. वरच्या चार ओळींना त्याची काहीच कल्पना नसते.

समोर दुसरी भिंत असेल तर

शेवटचा एक फेर, कारण परीक्षेत आणि कामावर दोन्हीकडे तो येतो. समजा च च्या पुढे ०.०५ मिमी अंतरावर दुसरी पक्की भिंत आहे. च ला ०.०८३० सरकायचं आहे, म्हणजे ते भिंतीला टेकणार. अंतर ०.०८३० पेक्षा जास्त असतं तर टेकलंच नसतं आणि वरचं उत्तर जसंच्या तसं राहिलं असतं, म्हणून ही तुलना आधी करायची.

भिंत च ला डावीकडे R ने रेटते. R ने ०.०८३० − ०.०५००, म्हणजे ०.०३३० मिमी परत दाबलं पाहिजे. च वरच्या एका किलोन्यूटनला ०.०१२६ मिमी, हे आपण आधीच काढलं आहे. म्हणून R = ०.०३३० ÷ ०.०१२६, सुमारे २.६ किलोन्यूटन. आता घच आणि गघ मधलं बल ३० ऐवजी २७.४, आणि खग व कख मधला दाब ५० ऐवजी ५२.६. हे नवे आकडे त्याच चार ओळींत घालून बेरीज करा: सुमारे +०.०५० मिमी यायला हवी. वेगळी आली, तर R चं चिन्ह आधी तपासा.